लोहाची गोळी आणि चहाचा कप: वेळेचे कोणते नियम खरे, कोणते नुसते ओझे?

कोणती गोळी कशासोबत घ्यावी याचे रंगीत तक्ते व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. लोह सकाळी उपाशीपोटी, ड जीवनसत्त्व दुधातून, बी-१२ नाश्त्यानंतर, कॅल्शियम झोपताना, मल्टिव्हिटॅमिन दुपारी आणि या सगळ्यांच्या मध्ये चहा वर्ज्य. असा तक्ता मनापासून पाळायचा ठरवला, तर दिवसभर घड्याळाकडेच बघत बसावे लागेल. बहुतेक जण चार दिवस पाळतात, पाचव्या दिवशी एक गोळी चुकते आणि महिनाभरात स्ट्रिप फ्रिजवर धूळ खात पडते.

या तक्त्यातले बहुतेक नियम विसरले तरी काही बिघडत नाही. पण एक नियम खरोखरच महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत घ्यायची नाही. त्याला जोडून आणखी दोन अंतरे सांभाळायची आहेत, त्याबद्दल पुढे बोलू. आधी चहाचे बघू, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे आणि याच राज्यात सकाळ चहाशिवाय उजाडत नाही.

चहा नेमके काय करतो?

गोळीतले किंवा भाजी-भाकरीतले लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. ही जागा लहान आहे आणि लोह तिथून थोड्या वेळात पुढे सरकते. तेवढ्यात ते आतड्याच्या पेशींमध्ये शिरले तर शिरले, नाहीतर मोठ्या आतड्यामार्गे बाहेर पडते. चहा-कॉफीत पॉलिफेनॉल नावाची संयुगे असतात. चहाला तुरट चव देणारी टॅनिन्स त्यातलीच. ती लोहाला घट्ट धरून ठेवतात आणि असे बांधले गेलेले लोह पेशींना उचलता येत नाही.

याबाबत दोन गैरसमज पक्के बसले आहेत. पहिला म्हणजे दोष कॅफिनचा आहे. तसे नाही. कॅफिन काढलेल्या कॉफीतही पॉलिफेनॉल राहतात. काही हर्बल चहांमध्ये कॅफिन अजिबात नसते, तरी ते लोह अडवतात. पेपरमिंटच्या चहावर प्रयोग झाला, तेव्हा तो जवळजवळ काळ्या चहाइतकाच अडथळा आणणारा निघाला. त्यामुळे ‘मी चहा सोडला, आता ग्रीन टी घेते’ म्हणून लोहाच्या गोळीचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा गैरसमज आपल्याकडचा खास. आपला चहा दुधाचा असतो, म्हणून तो सौम्य. १९९९ मध्ये रिचर्ड हरेल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पेयांचा लोहावरचा परिणाम मोजला, तेव्हा चहात दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. आणि आपण तर पावडर दुधा-पाण्यात चांगली उकळून घेतो. टपरीवरचा ‘कडक’ हा शब्दच सांगतो की पावडरीतून भरपूर अर्क उतरला आहे. कटिंगमध्ये चहा कमी म्हणून पॉलिफेनॉलही कमी, एवढाच काय तो दिलासा.

फरक किती पडतो?

हा प्रश्न बहुतेक तक्ते टाळतात. ‘शोषण कमी होते’ एवढे म्हणून पुढे जातात. पाच टक्क्यांनी कमी होत असेल तर कोणी पर्वा करू नये आणि अर्ध्यावर येत असेल तर करावी.

२०२३ मध्ये झुरिचमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. लोहाचा साठा कमी असलेल्या ३४ महिलांना १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी वेगवेगळ्या प्रकारे देण्यात आली आणि शरीरात प्रत्यक्ष किती लोह गेले ते मोजण्यात आले. सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घेतलेली गोळी ही तुलनेची पायरी होती. तीच गोळी कॉफीसोबत घेतल्यावर शोषण ५४ टक्क्यांनी घटले. कॉफी आणि नाश्ता असे दोन्ही सोबत असताना घट ६६ टक्के होती आणि त्या नाश्त्यात संत्र्याचा रसही होता! म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व सोबत असले की चहा-कॉफी चालते, हा समजही इथे टिकला नाही.

प्रयोग कॉफीचा होता, चहाचा नाही. पण चहाला त्यामुळे सूट मिळत नाही. १९८३ च्या एका अमेरिकी प्रयोगात हॅम्बर्गरच्या जेवणातल्या लोहाचे शोषण कॉफीने ३९ टक्क्यांनी घटले होते, तर चहाने ६४ टक्क्यांनी.

आता हे आकडे घरच्या गोळीला लावून बघू. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर महिलांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ही गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. समजा, रिकाम्या पोटी पाण्यासोबत घेतल्यावर त्यातले १५ टक्के शोषले जाते, म्हणजे ९ मिलिग्रॅम. झुरिचचेच प्रमाण धरले, तर कॉफीसोबत ४ मिलिग्रॅमच्या आसपास उरते आणि कॉफी-नाश्त्यासोबत ३. १८० दिवसांत पहिल्या पद्धतीने १,६०० मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जाते, शेवटच्या पद्धतीने साधारण ५५०. संपूर्ण गरोदरपणात बाळासाठी, वारेसाठी आणि आईच्या वाढलेल्या रक्तासाठी मिळून जवळपास १,००० मिलिग्रॅम जास्तीचे लोह लागते.

हा हिशेब ढोबळ आहे. शरीर पाइपसारखे एकाच मापाने काम करत नाही. कमतरता जास्त असेल तर ते लोह जास्त ओढते, साठा भरला की दार ओढून घेते. पण अंदाज यायला हा हिशेब पुरेसा आहे. गोळी तीच, रोज घेतलेली, तरी एका कपामुळे मिळणारे लोह निम्म्याखाली येऊ शकते.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. रोजच्या जेवणातून शरीराला साधारण एक-दोन मिलिग्रॅम लोह मिळते. म्हणजे चुकीच्या वेळी, नाश्त्यासोबत घेतलेली गोळीही त्याहून जास्त देते. चुकीच्या वेळी घेतलेल्या गोळीतून थोडे तरी मिळते. न घेतलेल्या गोळीतून काहीच मिळत नाही.

अंतर किती ठेवायचे?

१९८३ च्या त्याच प्रयोगात एक गोष्ट बघितली गेली होती. कॉफी जेवणाच्या तासभर आधी प्यायल्यास लोहावर काही परिणाम झाला नाही. पण जेवणानंतर तासाभराने प्यायलेल्या कॉफीने मात्र सोबत प्यायल्याइतकाच अडथळा आणला. कारण समजण्यासारखे आहे. आधी प्यायलेले पेय पुढे निघून जाते, पण जेवण तासाभरानंतरही पोटातच असते आणि मागून आलेली कॉफी त्यात जाऊन मिसळते.

२०१७ मध्ये ब्रिटनमध्ये १२ महिलांवर झालेल्या प्रयोगात जेवणानंतर तासाभराने चहा दिला, तेव्हा मात्र शोषण चहा नसल्याइतकेच राहिले. दोन अभ्यास, दोन उत्तरे. पेय वेगळे, जेवण वेगळे, माणसे थोडी. मी यातून काढलेला व्यवहारी अर्थ असा: चहा आधी झाला असेल तर तासभर थांबून गोळी घ्या. गोळी आधी घेतली असेल तर चहाला निदान तासभर, जमल्यास दोन तास थांबा. पहाटेचा चहा सोडायची गरज नाही, त्यापासून गोळी लांब न्यायची आहे. चहा सोडा असे सांगितले, तर लोक चहा ठेवतात आणि गोळी सोडतात.

तीन गोळ्यांचा गुंता

खरी पंचाईत होते ती लोह, कॅल्शियम आणि थायरॉईड या तिन्ही गोळ्या एकाच घरात, बऱ्याचदा एकाच बाईला चालू असतात तेव्हा. गरोदरपणात हे सर्रास दिसते.

थायरॉईडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, या बाबतीत सगळ्यात हट्टी. ती उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर चहा-कॉफी किंवा नाश्त्यासाठी अर्धा ते एक तास थांबायचे. लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि तिच्यात चार तासांचे अंतर हवे. हा नियम ओझे नाही, खरा आहे. तो मोडला तर टीएसएच वर जातो, डॉक्टर डोस वाढवतात आणि गोळीच्या वेळेचा घोटाळा असल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही.

कॅल्शियम लोहाच्या शोषणातही आड येते. दूध, दही, पनीर यांचाही तोच परिणाम. आपल्याकडच्या बहुतेक कॅल्शियमच्या गोळ्या कार्बोनेट प्रकारच्या असतात (पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट’ असे लिहिलेले सापडेल). ते विरघळायला पोटातले आम्ल लागते, म्हणून त्या जेवणासोबत घ्यायच्या. सायट्रेट प्रकारच्या गोळीला जेवणाची अट नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचे अंतर पुरते.

आता समजा, पाचवा महिना चालू असलेली एक शिक्षिका आहे. थायरॉईडची एक, लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन अशा चार गोळ्या. सकाळी सहाला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी पाण्यासोबत. सातला चहा आणि पोहे. दुपारी एकला डबा आणि त्यासोबत पहिली कॅल्शियम. पाचला चहा. रात्री साडेआठला जेवण आणि दुसरी कॅल्शियम. लोहाची गोळी कुठे बसवायची? एक जागा सकाळी अकराची. थायरॉईडपासून पाच तास, चहापासून चार, पुढच्या कॅल्शियमपासून दोन. कागदावर उत्तम. फक्त अकराच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा येतो आणि सगळे घेत असताना ‘मला नको’ म्हणणे रोज जमत नाही.

दुसरी जागा रात्री अकराची, झोपताना. जेवणाला आणि कॅल्शियमला अडीच तास झालेले, पुढची थायरॉईडची गोळी सात तासांनी, चहाचा संबंधच नाही. झुरिचच्या अभ्यासात सकाळपेक्षा दुपारी घेतलेल्या गोळीचे शोषण ३७ टक्क्यांनी कमी भरले होते, म्हणून रात्रीची वेळ सर्वोत्तम असा दावा करता येणार नाही. पण रात्री पाणी पिऊन गोळी घेणे रोज घडेल आणि अकराच्या सुट्टीतले आठवड्यातून दोनदा चुकेल. मी तिला रात्रीचीच वेळ सुचवेन. आशाताई आणि नर्सबाई अनेकदा ‘रात्री झोपताना घ्या’ सांगतात, त्यात हा व्यवहार आहेच, शिवाय मळमळ झाली तरी ती झोपेत निघून जाते.

उपाशीपोटीचा आग्रह

लोह उपाशीपोटी जास्त शोषले जाते, हे खरे. पण त्याच गोळीने मळमळ, पोटात कळा आणि बद्धकोष्ठता होते आणि रिकाम्या पोटी पहिल्या दोन गोष्टी जास्त जाणवतात. गरोदर बाईला आधीच उलट्यांचा त्रास असेल, तर उपाशीपोटीचा आग्रह म्हणजे गोळी बंद करण्याचा हुकूमच. याच पाचव्या सर्वेक्षणात देशभरातल्या फक्त २६ टक्के मातांनी १८० दिवस किंवा जास्त लोहाच्या गोळ्या घेतल्याची नोंद आहे. म्हणजे चारातल्या तिघींची अडचण चहा नसून गोळ्या पूर्ण न होणे ही आहे. म्हणून त्रास होत असेल तर गोळी थोडे खाऊन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चहा, दूध आणि कॅल्शियम तेवढे त्या खाण्यात नको.

रोज एक की एक दिवसाआड, हा प्रश्नही आता विचारला जातो. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते साधारण २४ तास पुढच्या लोहाला दार बंद करते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटोलॉजी’त आलेल्या अभ्यासात एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या महिलांच्या शरीरात प्रत्येक गोळीतले २१.८ टक्के लोह गेले, रोज घेणाऱ्यांत १६.३ टक्के. पण त्या महिला गरोदर नव्हत्या आणि तीव्र ॲनिमिया असलेल्याही नव्हत्या. गरोदरपणात रोजचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. इतरांनी पोटाचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारावा.

जे विसरले तरी चालेल

लोहासोबत ‘क’ जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेण्याची गरज नाही. एका वेळच्या शोषणात त्याने फायदा दिसतो. झुरिचमध्ये ८० मिलिग्रॅमने शोषण ३० टक्क्यांनी वाढले, ५०० मिलिग्रॅमने मात्र त्याहून पुढे वाढले नाही. पण २०२० मध्ये शांघायच्या संशोधकांनी ॲनिमिया असलेल्या ४४० जणांवर चाचणी केली, निम्म्यांना लोहासोबत ‘क’ जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना नुसते लोह. हिमोग्लोबिन दोन्ही गटांत सारखेच वाढले. पोह्यांवर लिंबू पिळा, पेरू खा, मेडिकलमधून वेगळी स्ट्रिप आणू नका.

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दुधातूनच घ्यावी, असे नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून तेल-तूप असलेल्या कुठल्याही जेवणासोबत घ्या. आठवड्याला एक पुडी असताना वेळ इकडेतिकडे झाली तर काही होत नाही. आठवड्याची पुडी रोज घेतली जाणे, हा खरा धोका आहे आणि तो होतो. बी-१२ ला चहाशी देणेघेणे नाही, सकाळी घ्या की रात्री. मल्टिव्हिटॅमिन जेवणानंतर घेतले की मळमळ कमी होते, एवढाच त्याचा नियम. त्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही एकाच गोळीत असते, म्हणून ॲनिमियावर ते औषध समजू नये.

लागू पडते आहे हे कसे ओळखायचे?

शौच काळी होणे ही खूण नाही. न शोषलेले लोहच तो रंग देते, त्यामुळे त्यावरून फक्त गोळी पोटात गेली एवढे कळते. खरी खूण रक्ततपासणीत दिसते. गोळी नीट चालू असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवे. ९ असेल तर १० च्या आसपास. थकवा त्याआधीही थोडा कमी वाटू शकतो. हिमोग्लोबिन पातळीवर आले तरी गोळ्या लगेच थांबवत नाहीत, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत दिसतो.

महिन्याने आकडा हलला नसेल, तर आधी प्रामाणिकपणे मोजा की तीसपैकी किती गोळ्या घेतल्या आणि त्यातल्या किती चहाच्या आसपास. दोन्ही ठीक असेल तर चहाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा आणि त्यांना तीन गोष्टी नक्की सांगा. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू आहे का, कारण आम्ल कमी झाले की लोहही कमी शोषले जाते. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का. आणि घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे का. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल नवीन नाही. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि रक्तपेशी लहान असतात, म्हणजे रिपोर्टमध्ये एमसीव्हीचा आकडा खाली असतो. लोहाच्या कमतरतेतही नेमके हेच दिसते, पण वाहक असण्यामुळे कमी झालेले हिमोग्लोबिन कितीही काटेकोर वेळी घेतलेल्या लोहाने वाढत नाही. त्यासाठी फेरिटिन आणि एचपीएलसी या दोन तपासण्या करून घ्याव्या लागतात.